प्रकरण चौथे : माहितीचे विश्लेषण

या कृती संशोधनासाठी बीड जिल्ह्यातील एका खेड्यातल्या शाळेच्या इयत्ता सातवीच्या १५ विद्यार्थ्यांची अपूर्णांकांवर २० गुणांची चाचणी दोनदा घेतली. पूर्व चाचणी ऑक्टोबरमध्ये झाली. मग कागदी पट्ट्यांच्या साहाय्याने अध्यापन करून फेब्रुवारीत उत्तर चाचणी घेतली. गुण चढत्या क्रमाने :

पूर्व चाचणी : ३, ४, ५, ६, ६, ७, ८, ८, ९, ९, १०, ११, १२, १८, १९
उत्तर चाचणी : ४, ६, ९, १०, ११, १२, १२, १३, १३, १३, १४, १४, १४, १७, १८

पूर्व चाचणीतील गुणांची बेरीज १३५, म्हणून मध्यमान १३५ ÷ १५ = ९. मध्यांक म्हणजे क्रमाने मांडलेला आठवा गुण, ८. मध्यमान मध्यांकापेक्षा जास्त येण्याचे कारण शेवटच्या दोन गुणांत आहे. १८ आणि १९ वगळले तर उरलेल्या तेरा जणांचे मध्यमान ७.५४ वर येते.

प्रमाण विचलनासाठी प्रत्येक गुणातून ९ वजा केले. तीन गुणांचे विचलन −६, त्याचा वर्ग ३६. १९ गुणांचे विचलन १०, वर्ग १००. अशा पंधरा वर्गांची बेरीज २९६ आली. २९६ ÷ १५ = १९.७३, त्याचे वर्गमूळ ४.४४. निष्कर्ष या एकाच वर्गापुरते असल्याने १५ ने भागले. हा वर्ग मोठ्या गटाचा नमुना मानला असता, तर १४ ने भागून ४.६० आले असते.

उत्तर चाचणीत बेरीज १८०, मध्यमान १२, मध्यांक १३. विचलनांच्या वर्गांची बेरीज १९०, प्रमाण विचलन ३.५६. हातची आकडेमोड एक्सेलमध्ये पडताळली. दोन्ही उत्तरे जुळली. B स्तंभात उत्तर चाचणीचे गुण आहेत.

```
=AVERAGE(B2:B16)
=MEDIAN(B2:B16)
=STDEV.P(B2:B16)
```

मध्यमान ३ ने वाढले, मध्यांक ५ ने वाढला आणि गुणांचा पसारा कमी झाला. एवढे लिहून हे प्रकरण संपवता आले असते, पण ते मला पटत नाही. उत्तर चाचणीत मध्यमान मध्यांकाच्या खाली आहे, कारण ४ आणि ६ गुण मिळवणारी दोन मुले. पूर्व चाचणीत त्यांना ८ आणि ९ गुण होते, म्हणजे ती वर्गाच्या अगदी मध्यावर होती. दिवाळीनंतर ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली आणि जानेवारीअखेर आजीकडे परतली. पट्ट्यांचे बहुतेक तास त्यांना मिळालेच नाहीत. ही दोघे वगळली तर मध्यमान १३.०८ होते आणि उपक्रम आणखी यशस्वी दिसतो. तरीही मी त्यांना वगळलेले नाही. ती याच वर्गातली आहेत. त्यांचे गुण तक्त्यात ठेवले आहेत आणि त्या दोघांसाठी पट्ट्यांचे तास मार्चमध्ये पुन्हा घेत आहे.

दुसरा वर्ग तुलनेला घेतलेला नसल्याने ही वाढ केवळ पट्ट्यांमुळे झाली असा दावा येथे करत नाही.