सक्तीच्या मतदानाने लोकशाही बळकट होत नाही

(आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धा, प्रतिकूल बाजू)

आदरणीय परीक्षक, प्राध्यापक मंडळी आणि दोन्ही बाजूंच्या माझ्या स्पर्धक मित्रमैत्रिणींनो,

'सक्तीच्या मतदानाने लोकशाही बळकट होते' या प्रस्तावाच्या विरोधात मी इथे उभी आहे. आधीच एक गोष्ट स्पष्ट करते. मतदान कमी झालं तरी चालतं, असं मला अजिबात वाटत नाही. 2024 च्या लोकसभेला देशात सुमारे 97 कोटी मतदार होते आणि त्यातल्या 64 कोटींनी मत दिलं. उरलेल्या 33 कोटींची काळजी जितकी अनुकूल बाजूला आहे, तितकीच मलाही आहे. आपला वाद आहे तो हे लोक का आले नाहीत आणि त्याची शिक्षा कुणाला व्हावी, याबद्दल.

माझ्या आधी बोललेल्या मित्रानं ऑस्ट्रेलियाचं उदाहरण दिलं. 1922 मध्ये तिथलं मतदान 60 टक्क्यांच्याही खाली होतं, 1924 मध्ये सक्तीचा कायदा आला आणि 1925 मध्ये ते 91 टक्क्यांवर गेलं. आकडे खरे आहेत. सक्तीनं लोक मतदान केंद्रापर्यंत येतात, हे मी मान्य करते. पण प्रस्तावात 'गर्दी वाढते' असं लिहिलेलं नाही, 'लोकशाही बळकट होते' असं लिहिलं आहे. मग तोच देश आणखी जवळून पाहू.

ज्या 1924 च्या कायद्याचं आत्ता कौतुक झालं, तो झाला तेव्हा तिथल्या बहुसंख्य आदिवासींना केंद्रीय निवडणुकीत मतच नव्हतं. तो हक्क त्यांना 1962 मध्ये मिळाला. म्हणजे 38 वर्षं एका बाजूला 'मत द्या, नाहीतर दंड' आणि दुसऱ्या बाजूला 'तुम्ही इथे यायचंच नाही', हे दोन्ही एकाच देशात सुखानं नांदलं. त्या काळातली 90 टक्क्यांची टक्केवारी कुणाची होती, याचं उत्तर अनुकूल बाजूनं द्यावं.

ही जुनी गोष्ट झाली असं कुणी म्हणेल, म्हणून अलीकडचं सांगते. उत्तर ऑस्ट्रेलियात लिंगियारी नावाचा प्रचंड पसरलेला मतदारसंघ आहे, तिथे आदिवासींची संख्या मोठी आहे. 2022 च्या निवडणुकीत देशभर जवळपास 90 टक्के मतदान झालं, पण लिंगियारीत ते जेमतेम दोन तृतीयांश होतं. कायदा तोच, दंडही तोच, 20 डॉलर. जिथे शासन लोकांपर्यंत पोचलं तिथे लोक केंद्रापर्यंत पोचले, जिथे ते पोचलं नाही तिथे दंडाची भीती कामाला आली नाही. ऑस्ट्रेलियात मतदान शनिवारी असतं, आधीच्या काही दिवसांत जाऊन मत देता येतं, टपालानं देता येतं, इस्पितळांत आणि दुर्गम वस्त्यांवर फिरती पथकं जातात. या सोयींबद्दल माझ्या मित्रानं एक अक्षर काढलं नाही. अनुकूल बाजूनं तिथला दंड उचलला आणि सोयी तिथेच ठेवल्या.

सक्तीनं हळूहळू सवय लागते, असाही एक युक्तिवाद झाला. बेल्जियमपेक्षा जुनं उदाहरण शोधून सापडायचं नाही. तिथे 1893 पासून सक्ती आहे. 2024 मध्ये त्या देशातल्या फ्लँडर्स प्रांतानं स्थानिक निवडणुकांपुरती ती पहिल्यांदा उठवली आणि मतदान सुमारे 63 टक्क्यांवर आलं. 130 वर्षांच्या सक्तीनंतरही पहिल्याच मोकळ्या निवडणुकीत एक तृतीयांशाहून जास्त लोक घरी थांबले. सवय लागली असती तर ते आले असते.

आता आपल्याकडे येते. मी बीड जिल्ह्यातली आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या गावांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो आणि ती उचल फिटेपर्यंत तो कोयता थांबवायचा नसतो. एक दिवस काम चुकलं की त्याला खाडा म्हणतात. खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर कित्येकदा दंडही कापला जातो. खाडे पडू नयेत म्हणून आमच्या जिल्ह्यातल्या बायकांनी गर्भाशयं काढून टाकली, हे 2019 मध्ये साऱ्या राज्यानं ऐकलं आणि विधिमंडळातही त्यावर चर्चा झाली. इतका तो खाडा महाग असतो.

आणि 2017 मध्ये बीड जिल्हा परिषदेचं मतदान कधी झालं? 16 फेब्रुवारीला. ऐन गळीत हंगामात. ज्यांच्या शाळा, ज्यांचे दवाखाने, ज्यांच्या गावाचं पाणी जिल्हा परिषद बघते, ती माणसं त्या दिवशी शेकडो किलोमीटर लांब कुणाच्या तरी फडात वाकलेली होती. समजा, तेव्हा सक्तीचा कायदा असता. एखादी बाई मत द्यायला गावी आली असती तर जायचा एक दिवस, यायचा एक दिवस, एसटीचं भाडं आणि वर मुकादमाचा खाडा. आली नसती तर सरकारचा दंड. येण्याचा दंड आणि न येण्याचा दंड, दोन्ही तिनंच भरायचे. आणि मतदानाची तारीख ठरवणाऱ्यांना कसलाच दंड नाही.

अनुकूल बाजू म्हणेल की अशांना सूट देऊ. द्या की. पण सूट मागायची कुणी? नोटीस गावच्या पत्त्यावर येणार, घराला कुलूप. उत्तर द्यायची मुदत हंगाम उरकायच्या आधी संपणार. नंतर तहसिलात खेटे घालायचे, मुकादमाकडून आपण कामावर होतो असं लिहून आणायचं. जो मुकादम उचलीचा हिशोबसुद्धा धड दाखवत नाही तो हे लिहून देणार? खुशाल सुट्टी साधून लोणावळा-महाबळेश्वर गाठणाऱ्या शहरी मतदाराचा मुद्दा माझ्या मैत्रिणीनं काढला आणि तिचा राग मला पटतो. पण कायदा त्याच्यापर्यंत पोचला तरी काय होईल? गुजरातनं 2009 मध्ये स्थानिक संस्थांसाठी सक्तीच्या मतदानाचं विधेयक मंजूर केलं, 2014 मध्ये त्याला राज्यपालांची संमती मिळाली, 2015 च्या नियमांत दंड ठरला 100 रुपये. लोणावळ्याला गेलेला माणूस ते 100 रुपये मोबाईलवरून भरून विसरूनही जाईल. ऊसतोड मजुराला मात्र ते विसरता येत नाहीत. त्या कायद्याला उच्च न्यायालयानं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगिती दिली. केंद्रीय विधी आयोगानंही 2015 च्या आपल्या 255 व्या अहवालात सक्तीचं मतदान आणू नये अशीच शिफारस केली.

माझा दुसरा मुद्दा नकाराबद्दल आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 79 मध्ये निवडणूकविषयक हक्काची जी व्याख्या आहे, तिच्यात मत न देण्याचा हक्कही लिहिलेला आहे. ही पळवाट नाही, कायद्यानं जाणूनबुजून दिलेली जागा आहे. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 'नोटा' दिलं ते याच धाग्यावर. 'नोटा' असताना घरी बसायचं कारण काय, असा प्रश्न माझ्यानंतर येणारच, म्हणून आत्ताच उत्तर देते. 2019 च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये 'नोटा'ला साडेसत्तावीस हजार मतं पडून ते दुसऱ्या क्रमांकावर आलं. 2024 ला इंदूरमध्ये 'नोटा'ला दोन लाखांहून जास्त मतं पडली. दोन्ही निकालांवर काही परिणाम झाला नाही. उद्या 'नोटा' पहिल्या क्रमांकावर आलं तरी लोकसभेत आणि विधानसभेत त्याच्या खालचा उमेदवारच निवडून येतो.

आणि कित्येकदा माणसांना उमेदवार नको नसतो, त्यांना दुसरंच काही सांगायचं असतं. मेळघाटातल्या काही गावांनी 2024 च्या लोकसभेला मतदानावर बहिष्कार टाकला. रस्ता, वीज, पाणी अशा मागण्या होत्या. अधिकारी समजूत घालायला धावले. ज्या गावात एरवी कुणी फिरकत नाही तिथे त्या दिवशी साहेबांच्या गाड्या लागतात. दगड नाही, जाळपोळ नाही, फक्त न जाणं. गरिबाच्या हातात याहून शांततेचं हत्यार मला तरी माहीत नाही. सक्ती आणली की हेच न जाणं गुन्हा ठरतं, आणि साहेब समजूत घालायला न येता नोटिसा घेऊन येतात. यानं बळकट काय होतं? प्रशासन होतं. लोकशाही होत नाही.

तिसरी गोष्ट थोडक्यात. निवडणूक आयोगानंच डिसेंबर 2022 मध्ये म्हटलं होतं की 2019 ला सुमारे 30 कोटी लोकांनी मत दिलं नाही आणि स्थलांतर हे त्याचं एक ठळक कारण आहे. आहात तिथूनच आपल्या गावच्या उमेदवाराला मत देता यावं यासाठी 72 मतदारसंघ हाताळू शकणारं यंत्र आयोगानं तयार करून राजकीय पक्षांपुढे मांडलं. पक्षांनी शंका काढल्या, काही शंका रास्तही होत्या, आणि ते 2024 च्या निवडणुकीत वापरलं गेलं नाही. याच आयोगाची माणसं गुजरातमध्ये गीरच्या जंगलात एका मतदारासाठी केंद्र मांडतात, अरुणाचलात एका बाईसाठी डोंगर चढून जातात. याचा मला अभिमान वाटतो. माझं म्हणणं इतकंच की ज्या यंत्रणेला एका मतदारासाठी जंगलात जाता येतं, तिला फेब्रुवारीत साखर कारखान्याच्या अड्ड्यावर जाता येईल. मतदान हंगामाबाहेर ठेवता येईल. ऊसतोड मजुराला टपाली मत देता येईल. या तिन्हींत कुणाला दंड करावा लागत नाही.

सक्ती हवीच असेल, तर ती कुणावर हवी ते सांगते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली जानेवारी 2026 मध्ये. मधली पावणेचार वर्षं देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका प्रशासकानं चालवली. एकही नगरसेवक नाही. राज्यातल्या कितीतरी महापालिका आणि जिल्हा परिषदांत हेच झालं. त्या काळात अठरा वर्षांची झालेली मुलं मतदार यादीत नाव घालून बसली होती. मत द्यायला ती तयार होती, केंद्रच उघडलं नाही.

अनुकूल बाजूच्या पुढच्या वक्त्याला माझा एकच प्रश्न आहे. मतदार एक दिवस आला नाही तर त्याला दंड करायचा, हे तुम्ही सांगितलंत. पावणेचार वर्षं निवडणूकच झाली नाही, त्याचा दंड तुमच्या कायद्यात कुणी भरायचा आहे?