विषय: आठवड्यातून दोन दिवस घरून काम, 12 आठवड्यांच्या चाचणीचा प्रस्ताव

आदरणीय सर,

मंगळवार आणि गुरुवार घरून, बाकीचे चार दिवस चिंचोळीच्या कारखान्यात, अशी माझ्या कामाची विभागणी सोमवार, 6 जुलै ते शनिवार, 26 सप्टेंबर 2026 या काळात करून पाहावी, ही विनंती. खाली दिलेले आकडे जमले नाहीत, तर 28 सप्टेंबरपासून सहाही दिवस पूर्वीसारखी येईन.

हेच दोन दिवस निवडले, कारण सोमवारी प्लॅनिंगची बैठक असते, बुधवारी बँक आणि कंटेनरची भराई बहुतेक शुक्रवार-शनिवारी. मंगळवार-गुरुवारी उरते ते ताडून पाहायचे काम: एलसीतल्या अटींप्रमाणे इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, सीएचएकडून आलेली शिपिंग बिलाची चेकलिस्ट आणि बिल ऑफ लेडिंगचा ड्राफ्ट. हे काम एका बैठकीत व्हायला हवे. सध्या मध्येच गेटवरून ड्रायव्हरचा फोन येतो, पॅकिंगमधून कोणी स्लिप घेऊन येते आणि तपासणी अर्धी राहते.

त्याचा परिणाम आपल्या रजिस्टरमध्ये दिसतो. मार्च ते मे या तीन महिन्यांत 46 शिपमेंट गेल्या. 5 शिपिंग बिलांत दुरुस्ती करावी लागली, त्यांतल्या 4 ठिकाणी कार्टनची संख्या किंवा ग्रॉस वजन चुकले होते. एलसीचे 18 संच बँकेत गेले, 4 मध्ये डिस्क्रेपन्सी निघाली. त्यांतल्या 3 संचांत इन्व्हॉइसवरचे टॉवेलचे वर्णन एलसीशी जुळत नव्हते. दर वेळी बँक शुल्क कापते आणि खरेदीदाराची संमती येईपर्यंत पैसे अडकतात, म्हणून मला हे सर्वांत महत्त्वाचे वाटते.

चाचणीत चार गोष्टी मोजू. शिपमेंट कमी-जास्त होतील, त्यामुळे पहिल्या दोन गोष्टी टक्क्यांत मोजू. शिपिंग बिलातील दुरुस्त्या 11 टक्क्यांवरून 5 टक्क्यांच्या आत याव्यात. डिस्क्रेपन्सी 22 टक्क्यांवरून 10 टक्क्यांच्या आत. माल जहाजावर चढल्यापासून कागदपत्रे बँकेत पोहोचायला आज सरासरी 10 दिवस लागतात, ते 7 व्हावेत. एलसीत वेगळे नसेल तर नियमाने 21 दिवस मिळतात, पण एलसीची मुदत त्याआधीच संपू शकते. चौथी गोष्ट, घरून काम असताना सकाळी 9:30 ते 6 या वेळेत कारखान्यातून आलेल्या प्रश्नाला 30 मिनिटांत उत्तर. सुधारणा घरून काम केल्यामुळेच झाली का, हे कळावे म्हणून रजिस्टरमध्ये ‘कुठे तपासले’ असा एक रकाना वाढवते. कारखान्यात तपासलेल्या संचांतही चुका तितक्याच कमी झाल्या, तर श्रेय या व्यवस्थेला देता येणार नाही.

अडचणी कुठे येतील, तेही सांगते. पॅकिंग लिस्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून आली की हाताने लिहिलेला 6 आणि 8 यांत गोंधळ होतो. त्यामुळे सुपरवायझरनी आकडे शेअर केलेल्या एक्सेल शीटमध्येच भरावेत. कार्टन, नेट आणि ग्रॉस वजनाच्या बेरजा जुळल्याशिवाय मी इन्व्हॉइस काढणार नाही. कंपनीचे डिजिटल सहीचे टोकन घरी नेणे मला योग्य वाटत नाही. ते आपल्या कपाटातच राहील आणि सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनचे अर्ज मी कारखान्यात असताना होतील. टॅलीचा डेटा पेनड्राइव्हवर नेणार नाही, व्हीपीएनने ऑफिसच्या संगणकावरच काम करीन. इथली वीज गेली आणि यूपीएस संपला, तर तो संगणक बंद पडून माझेही काम थांबेल. म्हणून वीज आल्यावर तो आपोआप सुरू होईल अशी सेटिंग आयटीकडून आधी करून घ्यावी लागेल. घरी फायबर, मोबाइल हॉटस्पॉट आणि चार तासांचा इन्व्हर्टर आहे.

मंगळवारी किंवा गुरुवारी भराई ठरली, अथवा व्हीजीएमसाठी वजनकाट्याची पावती वेळेत मिळत नसेल, तर त्या दिवशी मी येईन आणि बदली दिवस मागणार नाही. जुळे सोलापूरहून निघाल्यावर तासाभरात पोहोचता येते. माझ्या गैरहजेरीमुळे एकाही कंटेनरचा न्हावा शेवाचा गेट कट-ऑफ चुकला, तर चाचणी त्याच दिवशी थांबवावी.

1 ऑगस्ट आणि 29 ऑगस्ट या दोन शनिवारी एका पानावर आकडे आपल्याला देईन. अंतिम आढावा 26 सप्टेंबरला. 14 सप्टेंबरला गणेश चतुर्थी आहे, तो आठवडा मोजणीत धरू नये. सुट्टीमुळे आकडे उगाच चांगले किंवा वाईट दिसतील.

पगार, कामाचे तास आणि रजा यांत काही बदल नको. पॅकिंग सुपरवायझर आणि अकाउंट्स यांना एक्सेल शीट दाखवायला एक तास लागेल, तो जूनअखेर ठेवता येईल. या शुक्रवारी दुपारी चारला 20 मिनिटे दिलीत, तर मार्च ते मेचे रजिस्टर घेऊन येते.

आपली विश्वासू,
एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन एक्झिक्युटिव्ह