तिसरे प्रकरण: नमुना निवड आणि नैतिक बाबींवर अभिप्राय

सस्नेह नमस्कार,

प्रकरण दोनदा वाचलं. साधनांचा भाग चांगला उतरलाय, तो तसाच ठेव. अडचण नमुना निवडीत आहे आणि तीच नैतिक बाबींत पुन्हा आडवी येते: दोन्हीकडे तू मुकादमाच्या हातून ऊसतोड करणाऱ्या बायकांपर्यंत पोचतेस.

एकूण संख्या ६२०० तू कारखान्यांच्या करार-याद्यांवरून काढलीस. पण त्या याद्या कोयत्यांच्या आहेत. कोयता म्हणजे जोडपं. करार मुकादमाशी, उचल नवऱ्याच्या हातात. जिच्या आरोग्यावर तू प्रबंध लिहितेस, ती बाई त्या कागदावर नावानिशी नाहीच. त्यामुळे हंगाम सुरू होताच वाळवा आणि पलूस तालुक्यांतले तळ स्वतः फिर, कोप्या मोज, यादी तू कर. बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या टोळ्यांचे स्तर वेगळे ठेव.

n = N / (1 + N × e²) मध्ये ६२०० आणि ०.०५ घालून ३७६ आले, आकडेमोड बरोबर आहे. पण हे सूत्र साध्या यादृच्छिक निवडीचं. तू तर टोळ्या निवडून प्रत्येकीतून १० बायका घेतेस. एका टोळीतल्या बायका एकाच टँकरचं पाणी भरतात, एकाच दवाखान्यात जातात. उत्तरं सारखी येणारच. टोळीअंतर्गत सहसंबंध नुसता ०.०५ धरला तरी 1 + (10 − 1) × 0.05 = 1.45, म्हणजे ५४६ बायका. टोळीमागे ५ घेतल्यास ४५२ पुरतील, मात्र टोळ्या ९१ लागतील. माझा कल याकडे आहे. पायपीट वाढेल, पण निष्कर्ष टिकतील.

आता पान ६८. ‘मुकादमाच्या परवानगीने संमती घेण्यात येईल.’ हे वाक्य वाचून मी थांबले. ज्याची उचल अंगावर आहे, त्याच्यासमोर बाई ‘नाही’ कशी म्हणेल? तळावर शिरायची परवानगी वेगळी, बाईची संमती वेगळी. अंगठा घेणार असशील तर आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तटस्थ साक्षीदार हवा. नवरा किंवा मुकादम तटस्थ नव्हे. गावातली आशाताई चालेल का, ते आधी बायकांनाच विचार.

गर्भाशय काढण्याबद्दलचे चार प्रश्न कोपीत विचारू नकोस. पाचटाच्या भिंतीतून शेजारणीला सगळं ऐकू जातं. आणि ‘त्रास झाल्यास समुपदेशन’ एवढं मोघम लिहून भागत नाही: कुठल्या दवाखान्यात, कोणाकडे पाठवणार, त्यांचा होकार घेतलास का, ते लिही.

वय १८ च्या आतली लग्न झालेली मुलगी समोर आली तर काय करायचं, यावर प्रकरणात एक ओळही नाही. तळावर हे घडणारच. मुलाखतीला बसण्याआधीच नैतिकता समितीकडून याचं उत्तर घे. पूर्वचाचणीसुद्धा मंजुरीनंतरच.

नावं आणि उत्तरं वेगळ्या वह्यांत, हे तू लिहिलंयस, छान.

दुरुस्त प्रत पुढच्या शनिवारपर्यंत आण. यादी करायला पहिल्या तळावर मी सोबत येते.

तुझी मार्गदर्शक,
सांगली