वरचे पैसे

जुना टीव्ही गेला तो भर बातम्यांत. आधी पडद्यावर एक हिरवी उभी रेघ आली, दोन दिवसांनी तिच्या शेजारी आणखी चार. मग चित्र गेलं आणि आवाज तेवढा राहिला. आजी दिवाणावर आडवी होऊन तोही ऐकायची.

आमच्या घरात माणसं नऊ आणि टीव्ही एक. खोल्यांत टीव्ही ठेवायचा नाही, हे आजोबांनी ठरवलेलं. त्यामुळे नवा कुठला घ्यायचा हा प्रश्न सगळ्यांचा होता, पण भांडले ते बाबा आणि काका.

बाबांना ४३ इंचीच हवा होता, साधा एलईडी. काकाने ६५ इंची ओएलईडी मनात धरलेला.

"दादा, सोफा भिंतीपासून नऊ फुटांवर आहे. तिथून ४३ इंचावर फोर-के बघितलं काय नि न बघितलं काय, डोळ्यांना कळायचंसुद्धा नाही."

"आणि आईच्या बातम्या? सकाळी सातला लागतात त्या रात्री झोपेपर्यंत. खालची पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो दिवसभर जागचे हलत नाहीत. तुझ्या ओएलईडीवर त्यांचे डाग बसले की जात नाहीत."

दोघांचंही खरं होतं, म्हणूनच ते मिटेना. काका म्हणाला, डाग पडू नयेत म्हणून सोय असते त्यात. बाबा म्हणाले, सोय आहे म्हणजेच भीती आहे. आई आणि काकू स्वयंपाकघरातून एकमेकींकडे बघत होत्या. मध्ये पडायची सोय नव्हती.

तिसऱ्या दिवशी जेवताना काका म्हणाला, "हे बघ, ४३च्या किमतीचे आपण निम्मे निम्मे करू. वरचे पैसे मी भरतो. मग तर झालं?"

बाबांचा हात ताटातच थांबला.

"मग तो तुझा टीव्ही झाला, विनू."

"असं कुठं म्हणालो मी?"

"तू नाही म्हणणार. पण पोरं रिमोटवरून भांडतील, तेव्हा कुणाच्या तरी तोंडून निघेल. एकदा निघालं की संपलं."

काकूने मान खाली घातली. मला तिचं फार वाईट वाटलं, कारण ती तसं कधीच बोलली नसती.

काकाचा आवाज चढला. "माझी नोकरी गेली होती तेव्हा गच्चीची गळती काढली. माझा वाटाही तूच घातलास. मग काय, गच्ची तुझी झाली? मी पापड वाळत घालताना तुला विचारायचं?"

बाबा काहीच बोलले नाहीत. अर्धी पोळी तशीच ठेवून उठले. काकाही जेवला नाही. त्या रात्री माजघरात दिवा लवकर मालवला गेला आणि आजीने दोनदा विचारलं, "झोपले का रे दोघं?" मी हो म्हटलं. खोटंच होतं ते.

सकाळी उठले तर टीव्हीच्या भिंतीवर वर्तमानपत्राचे कागद एकमेकांना जोडून चिकटवलेले. नीट चौकोन, कडा पट्टीने कापलेल्या. बाबा चहाचा कप घेऊन समोर उभे.

काका आला, बघत राहिला. मग खिळ्यावरचा टेप काढून त्याने मोजलं. रुंदी १२२ सेंटिमीटर, उंची ६८.

"हा ५५चा आहे."

"६५चा लावून बघितला रात्री. दार उघडलं की कोपरा दाराला लागतो."

काकाने दार उघडून बघितलं. मग तो आजीच्या पायाशी दिवाणावर आडवा झाला आणि तिथून कागदाकडे तिरका बघू लागला. आजी भिंतीच्या कडेला असते, समोर कधीच नसते. इतक्या दिवसांच्या वादात ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"इथून बघायचं तर पॅनल आयपीएस हवं, दादा. व्हीए घेतलं तर काळा रंग छान दिसेल, पण कडेने सगळं फिकट पडेल. एलईडीच घेऊ."

"घेऊ." बाबांनी कप खाली ठेवला. "आणि वरचे पैसे तू घाल."

काका उठून बसला.

"पावती तेवढी आईच्या नावाने कर."

काका नुसताच हं म्हणाला. आजीने तेवढ्यात चष्मा लावला, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाली, "फार वर लावताय रे. माझी मान दुखेल."

दोघांनी कागदाची दोन टोकं धरली आणि सावकाश खाली घेतली.

"अजून जरा," आजी म्हणाली.