शून्यापासून विज्ञानाचे तत्त्वज्ञान: काय वाचायचे, कोणत्या क्रमाने

अंबाजोगाईच्या आपल्या शनिवारच्या वाचनगटात नव्याने येणाऱ्यांसाठी ही यादी. कोणी बी.कॉम., कोणी एमपीएससीवाले, दोघे शेतकरी. तत्त्वज्ञान कोणीच शिकलेले नाही. पुस्तके इंग्रजी आहेत. दिवसाला चार पाने झाली तरी पुष्कळ.

१. बर्ट्रांड रसेल, 'द प्रॉब्लेम्स ऑफ फिलॉसफी' (१९१२), फक्त सहावे प्रकरण. नेटवर फुकट मिळते.
रोज दाणे टाकणारा माणूसच एके दिवशी कोंबडीची मान मुरगळतो. आजवर घडले म्हणून उद्याही घडेल, हे कशाच्या जोरावर म्हणायचे? हा विगमनाचा प्रश्न. आपल्याला तो पुस्तकी वाटू नये. दख्खनचे पठार भूकंपाच्या बाबतीत स्थिर समजले जायचे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी हादरली.

२. समीर ओकाशा, 'फिलॉसफी ऑफ सायन्स: अ व्हेरी शॉर्ट इंट्रोडक्शन' (२००२).
पहिली दोन प्रकरणे नीट वाचा, बाकीची चाळा.

३. कार्ल हेम्पेल, 'फिलॉसफी ऑफ नॅचरल सायन्स' (१९६६), दुसरे प्रकरण.
व्हिएन्नाच्या इस्पितळात एका वॉर्डात बाळंतिणी जास्त का दगावतात? तिथला डॉक्टर सेमेलवाइस एकेक अंदाज तपासून बाद करतो आणि १८४७मध्ये शवविच्छेदन करून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हातांपाशी येऊन थांबतो. गोष्टीसारखे वाचून होते.

४. कार्ल पॉपर, 'कंजेक्चर्स अँड रेफ्युटेशन्स' (१९६३), पहिले प्रकरण.
यादीतले सगळ्यात मोलाचे हेच. पॉपरचा प्रश्न: काय घडले तर तुम्ही चुकलात असे मान्य कराल? आपला पाणाड्या आठवा. नारळ उभा राहिला, बोअर घेतले, फुफाटा निघाला. "झरा होता, तुम्ही हातभर बाजूला घेतलं." पाणी लागले तरी तो बरोबर, नाही लागले तरी बरोबरच. लक्षात घ्या, 'इथे पाणी लागेल' हे विधान तपासता येते. निसटते ती नंतरची सबब.

पण वैज्ञानिकही सबबी सांगतातच की! युरेनसची कक्षा न्यूटनच्या गणिताशी जुळेना, तेव्हा न्यूटनला न टाकता पलीकडे आणखी एक ग्रह असावा असे मानले गेले. १८४६मध्ये नेपच्यून दुर्बिणीत दिसला. बुधाच्या कक्षेसाठी मात्र हीच युक्ती फसली. त्यासाठी मानलेला ग्रह कधीच सापडला नाही. पाणाड्याची सबब आणि ही सबब, फरक कुठे? यावर आपल्याकडे दोन शनिवार भांडण चालले.

५. थॉमस कून, 'द स्ट्रक्चर ऑफ सायंटिफिक रिव्होल्यूशन्स' (१९६२).
ते भांडण पुढे न्यायला. एखादी विसंगती दिसली म्हणून वैज्ञानिक आपली चौकट, म्हणजे प्रतिमान, सोडत नाहीत. विसंगती साठत जाऊन पेच वाढतो तेव्हा चौकट बदलते. 'प्रतिमान' हा शब्द कून बऱ्याच अर्थांनी वापरतो, गोंधळ झाला तर दोष तुमचा नाही.

अडेल तिथे plato.stanford.edu या तत्त्वज्ञानाच्या विश्वकोशात नोंदी आहेत, पण त्या जड जातात. विज्ञानाची अशी एक ठरलेली पद्धतच नसते म्हणणारा फायराबेंड सध्या कपाटातच राहू द्या. येत्या शनिवारी रसेलची ती पाने वाचून या, आणि आपल्या गावातली एक तरी 'कोंबडी' शोधून आणा.