गिरणारे परिसरातील आशा ताईंसाठी प्रलंबित कामांचा ध्वनिसंदेश, सोमवार, १७ नोव्हेंबर

नमस्कार ताई, मी गटप्रवर्तक बोलते आहे. आपला चष्मा दुरुस्तीहून परत येईपर्यंत मोबाइलवरील लांब यादी वाचण्याचा त्रास आपण घेऊ नये, म्हणून ती मी आपल्याला सांगते. यादीत ४३ ओळी दिसत असल्या तरी घाबरू नका; त्यांतील बहुतेक भेटी आपण केव्हाच पूर्ण केल्या आहेत, फक्त नोंद चढलेली नाही, आणि ती मी आपल्या वहीवरून आज संध्याकाळी चढवणार आहे. खरी बाकी कामे ५ आहेत. पहिली २ आजचीच, तिसरे बुधवारपूर्वीचे, उरलेली २ या आठवड्यातील. प्रत्येक कामानंतर मी थोडी थांबेन. आपण स्पीकरवर ऐकता हे ठाऊक असल्यामुळे मी कोणाचेही नाव घेणार नाही, घराची खूण सांगेन.

पहिले काम, आणि आज दुसरे काही जमले नाही तरी हे व्हायलाच हवे. धोंडेगाव रस्त्यावरील द्राक्षबागेत, विहिरीशेजारच्या पत्र्याच्या खोलीत ४ नोव्हेंबरला जन्मलेल्या बाळाचा आज १४ वा दिवस आहे. तिसऱ्या आणि सातव्या दिवसाच्या भेटी आपण केल्या आहेत. बाळाचे जन्मवजन २ किलो १०० ग्रॅम होते, सातव्या दिवशी ते २ किलो ५० ग्रॅम भरले. पहिल्या आठवड्यात वजन थोडे उतरते, त्यामुळे तेव्हा काळजीचे नव्हते. आज मात्र ते वाढीला लागलेले दिसले पाहिजे. झोळी अडकवून काट्याची सुई शून्यावर आणल्यावरच बाळाला झोळीत ठेवा आणि अंगावरचे कपडे काढूनच वजन करा, कारण गेल्या वेळी थंडीमुळे आपण त्याला झबल्यासह तोलले होते, असे आपणच मला सांगितले होते. आकडा दिसायला अडचण आली तर शेजारच्या खोलीतील शाळकरी मुलीला वाचायला सांगा आणि तो मला फोनवर कळवा.

बाळ शांत असताना त्याचे श्वास पूर्ण १ मिनिट मोजा. ६० किंवा त्याहून जास्त भरले तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तितकेच भरले, श्वास घेताना छाती आत ओढली जात असली, बाळ अंगावर नीट पीत नसले, हातापायांबरोबर पोटही गार लागले, तळहात-तळपाय पिवळे दिसले किंवा नाळेजवळ पू असला, तर यांपैकी एकही गोष्ट पुरेशी समजून तिथूनच १०२ क्रमांकावर फोन करा, मग मला करा. मला आधी विचारण्यात वेळ घालवू नका. आईला बाळ छातीशी उघड्या अंगाने धरायला पुन्हा दाखवा; गेल्या वेळी सासूबाईंना ते पटले नव्हते, म्हणून या वेळी त्यांच्यासमोरच दाखवा. बागेत सध्या डिपिंग आणि विरळणी चालू असल्याने घरातील बाकीची माणसे जेवणाच्या सुट्टीतच भेटतील, तेव्हा साडेबाराच्या सुमारास जाणे बरे. पुढची भेट २१ व्या दिवसाची, म्हणजे पुढच्या सोमवारी, २४ तारखेला.

आता थोडा वेळ थांबते. चालत असाल तर सावलीत उभे राहून पुढचे ऐका.

दुसरे काम, आजचेच. मारुतीच्या देवळामागील, निळ्या दाराच्या घरातील रुग्णाच्या क्षयरोगाच्या उपचाराचे पहिले २ महिने पूर्ण झाले असून आता थुंकीची तपासणी करायची आहे. आज त्यांना डबी द्या आणि उद्या सकाळी उठल्यावर, चूळ भरून, खोल खोकून छातीतून आलेला बेडका त्यात घ्यायला सांगा. नुसती लाळ आली तर नमुना उपयोगाचा ठरत नाही. डबी मंगळवारी सकाळी उपकेंद्रात पोहोचली पाहिजे. खोकला कमी झाल्याने त्यांना आपण बरे झालो असे वाटते आहे, त्यामुळे उपचार ६ महिन्यांचा आहे आणि अहवाल चांगला आला तरी गोळ्या थांबत नाहीत, हे त्यांना स्पष्ट सांगा. पोषणासाठी मिळणारे महिना १००० रुपये त्यांच्या खात्यात जमा व्हायचे असतील, तर पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत लागेल. तीही आजच मागून घ्या. दारात उभे राहून हा विषय काढू नये, हे आपल्याला सांगायची गरज नाही.

तिसरे काम बुधवारच्या लसीकरण सत्राचे आहे. अंगणवाडीत ५ बालके येणे अपेक्षित आहे. त्यांतील ४ घरे आपल्या ओळखीची आहेत, त्यांना मंगळवारी संध्याकाळी एकदा आठवण दिली की पुरे. अडचण पाचव्याची आहे. सुरगाण्याकडून बागेच्या कामाला आलेल्या कुटुंबातील हे बाळ १० महिन्यांचे असून त्यांचे माता-बाल संरक्षण कार्ड गावी राहिले आहे. आई म्हणते की सर्व लसी झाल्या. तिच्यावर अविश्वास नाही, पण गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर देतात आणि हे कुटुंब दिवाळीनंतर लगेच इकडे आले आहे. डाव्या दंडावरील व्रण पाहून निष्कर्ष काढू नका, त्यातून फक्त बीसीजी झाल्याचे कळते. गावी राहिलेल्या आजोबांकडून कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागवून घ्या. ते जमले नाही तर त्यांच्या गावच्या आशा ताईंचा क्रमांक आईकडून घेऊन मला द्या, मी स्वतः बोलते. काहीच हाती आले नाही तरी बाळाला सत्राला आणाच. लस द्यायची की नाही हे सिस्टर ठरवतील.

चौथे काम शुक्रवारपर्यंत. दूध संकलन केंद्राच्या वरच्या आळीतील सातव्या महिन्याच्या गर्भवती ताईंचे हिमोग्लोबिन ९.२ आले आहे. त्यांना लोहाच्या रोज २ गोळ्या सांगितल्या असून १ तारखेला आपण ६० गोळ्या दिल्या होत्या. घेतल्या का, असे विचारले तर उत्तर होकारार्थीच येते, म्हणून पाकीट मागून उरलेल्या गोळ्या बोटांनी मोजा. शुक्रवारी सकाळची गोळी घेण्याआधी गेलात, तर २० दिवसांच्या ४० गोळ्या संपून २० उरलेल्या असाव्यात. जास्त उरल्या असतील तर रागावू नका, कारण विचारा. बहुधा मळमळ होत असेल किंवा चहाबरोबर घेत असतील. गोळी जेवणानंतर घ्यावी, चहा आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून दोन तास दूर ठेवावी. ९ डिसेंबरच्या तपासणीला त्यांना सोबत न्यायचे आहे, तेव्हा रजेचा दिवस आतापासून ठरवायला सांगा.

पाचवे काम लहान आहे. मोबदल्याचा दावा गुरुवारपर्यंत द्यायचा आहे. तो मी भरून आणते, आपण बुधवारी सत्रावर फक्त सही करा. पेटीतील ओआरएसची पाकिटे संपत आली असतील तर तीही तेव्हाच सांगा.

हा संदेश पूर्ण ऐकून झाला की मला एक मिस कॉल द्या. बाळाचे वजन करून झाले की मात्र मिस कॉल नको, फोनच करा. दुपारी दीडपर्यंत आपला फोन आला नाही, तर मी गाडी काढून धोंडेगाव रस्त्याने तिकडे येते.