अंतर्गत लेखापरीक्षण अहवाल (ऑक्टोबर २०२५ ते मार्च २०२६): मुद्दे, जोखीम, जबाबदारी आणि मुदतीचा ट्रॅकर

आवृत्ती १, सोमवार, १ जून २०२६
व्याप्ती: बुटीबोरी कारखाना, वाडी गोदाम, वर्धा रोड कार्यालय
तयार करणार: अनुपालन समन्वयक
प्रती: सर्व विभागप्रमुख, कारखाना व्यवस्थापक, वित्त प्रमुख, कंपनी सचिव

२२ मेचा अहवाल ४१ पानांचा आहे आणि त्यात १२ मुद्दे आहेत. खालच्या तक्त्यात त्यांच्या १५ ओळी झाल्या आहेत. पहिल्या तीन मुद्द्यांत प्रत्येकी दोन वेगवेगळी कामे होती, वेगवेगळ्या माणसांनी करायची, म्हणून ती फोडली. अहवालात बहुतेक ठिकाणी जबाबदारीपुढे "लेखा विभाग" किंवा "भांडार व खरेदी" असे आहे. विभागाला फोन लावता येत नाही. त्यामुळे प्रत्येक ओळीसमोर एकच पद घातले आहे. काम इतरांकडून करून घ्या, पण उत्तर त्या पदावरच्या व्यक्तीने द्यायचे.

अहवालात "गंभीर" आणि "सुधारणा आवश्यक" अशा दोनच श्रेणी होत्या. ट्रॅकरमध्ये उच्च, मध्यम, कमी अशा तीन केल्या आहेत. पैसा थेट बाहेर जाऊ शकतो, कायद्याने दंड, व्याज किंवा लेखापरीक्षकांचा शेरा येऊ शकतो, किंवा माणसाच्या जिवाला धोका आहे, तर उच्च. मागच्या अहवालात आलेला मुद्दा पुन्हा आला असेल तर एक पायरी वर. रक्कम लहान असणे एवढ्यावर कोणताही मुद्दा खाली आणलेला नाही.

| क्र. | काय करायचे | जोखीम | जबाबदार | मुदत | स्थिती |
|---|---|---|---|---|---|
| १-अ | पुरवठादाराचे बँक खाते बदलताना सिस्टीममध्ये दुसऱ्या व्यक्तीची मंजुरी सक्तीची करणे | उच्च | आयटी व्यवस्थापक | ३० जून | सुरू |
| १-आ | आधी झालेले ७ बदल पुरवठादाराला फोन करून पडताळणे | उच्च | सहायक व्यवस्थापक, देणी | ८ जून | सुरू |
| २-अ | काट्याची पावती जोडल्याशिवाय भंगाराचा गेटपास न देणे | उच्च | भांडारप्रमुख | १५ जून | सुरू नाही |
| २-आ | भंगारविक्रीसाठी किमान तीन दरपत्रके, वार्षिक दरकरार | उच्च | खरेदी व्यवस्थापक | ३१ जुलै | सुरू नाही |
| ३-अ | सूक्ष्म व लघु उद्योगांची थकलेली ८ बिले चुकती करणे. सर्व १२ बिलांचे व्याज काढणे | उच्च | वित्त प्रमुख | १५ जून | सुरू |
| ३-आ | १५ दिवसांची मर्यादा लावून यादी पुन्हा तपासणे | उच्च | सहायक व्यवस्थापक, देणी | २२ जून | सुरू नाही |
| ४ | वाडीतले जुने बिलिंग सॉफ्टवेअर बंद करणे | उच्च | आयटी व्यवस्थापक | ३१ ऑगस्ट | सुरू |
| ५ | साठ्यातील फरकाची कारणमीमांसा आणि मंजुरीची पद्धत | मध्यम | गोदाम व्यवस्थापक | १५ जुलै | सुरू |
| ६ | १८० दिवस उलटलेल्या बिलांवरचे इनपुट टॅक्स क्रेडिट परत करणे | मध्यम | कर अधिकारी | २० जून | सुरू |
| ७ | नोकरी सोडणाऱ्याचा लॉगिन त्याच दिवशी बंद होईल अशी पद्धत | मध्यम | मनुष्यबळ व्यवस्थापक | ३० जून | अंशतः |
| ८ | मुदत संपलेली ११ अग्निशामके भरून घेणे | उच्च | प्रशासन अधिकारी | ५ जून | सुरू |
| ९ | कंत्राटदाराच्या बिलासोबत पीएफ व ईएसआयचे चलन घेणे | मध्यम | मनुष्यबळ व्यवस्थापक | १५ जुलै | सुरू नाही |
| १० | उधारीची मर्यादा ओलांडताना लेखी मंजुरी | मध्यम | विक्री प्रमुख | ३१ जुलै | सुरू नाही |
| ११ | रोखीच्या खर्चाची मर्यादा | कमी | लेखा व्यवस्थापक | ३० जून | सुरू |
| १२ | प्रवासखर्चाची बिले ३० दिवसांत | कमी | लेखा व्यवस्थापक | ३१ जुलै | सुरू नाही |

ओळींवरच्या टिपा

१-आ ची मुदत १-अ च्या आधी आहे, आणि ती मुद्दाम. नवी पद्धत येईल तेव्हा येईल. जे सात बदल नुसत्या ईमेलवर झाले, त्या खात्यांवर पैसे आजही जात आहेत. पडताळणीसाठी ईमेलमध्ये दिलेला नंबर वापरायचा नाही. खरेदी ऑर्डरवरचा किंवा जुन्या बिलावरचा नंबर लावा. ईमेल बनावट असेल तर त्यातला नंबरही त्याच माणसाचा असणार. सातही पडताळून होईपर्यंत त्या सात पुरवठादारांची देयके वित्त प्रमुखांच्या सहीशिवाय सोडू नयेत.

२ हा मुद्दा मागच्या अहवालातही होता. तपासलेल्या ३१ गेटपासांपैकी ९ वर काट्याची पावती नाही, आणि सहा महिने माल एकाच व्यापाऱ्याने उचलला आहे. भांडारप्रमुखांचे म्हणणे असे की दुपारी काट्यावर कच्च्या मालाच्या ट्रकांची रांग लागते, मग भंगाराचा टेम्पो अंदाजाने सुटतो. रांग खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे भंगार सकाळी ८ ते १० याच वेळेत काढायचे. कारखाना व्यवस्थापकांनी त्याला होकार दिला आहे. गेटवरच्या सुरक्षारक्षकाकडे लेखी आदेश गेला पाहिजे, तोंडी नको. ओळ बंद करण्यासाठी सलग चार आठवड्यांचे गेटपास आणि पावत्या जुळवून दाखवायच्या. म्हणजे पद्धत १५ जूनला लागू, पण शिक्का जुलैच्या मध्यात.

३ वर सर्वांत जास्त वेळ गेला. अहवालात ४५ दिवसांच्या पुढे गेलेली १२ बिले आहेत, एकूण ₹१८.४० लाख. त्यांपैकी ४ उशिरा का होईना मार्चअखेरपूर्वी दिली. ८ बिले, ₹११.७५ लाख, अजून बाकी. परंतु ४५ दिवस ही सवलत पुरवठादाराशी लेखी करार असेल तरच मिळते. करार नसेल तर एमएसएमईडी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे १५ दिवसांतच पैसे द्यावे लागतात. आपल्याकडे कित्येक छोट्या पुरवठादारांशी लेखी करार नाही, नुसती फोनवरची ऑर्डर आहे. म्हणून १२ हा आकडा वाढणार, हे धरूनच ३-आ ही वेगळी ओळ घातली आहे.

व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ. ते प्राप्तिकरात खर्च म्हणून वजाही होत नाही. शिवाय ३१ मार्चला मुदत उलटून बाकी राहिलेल्या रकमेची वजावट कलम ४३ब(ह) मुळे २०२५-२६ च्या हिशेबात मिळणार नाही. ज्या वर्षी पैसे देऊ त्या वर्षी मिळेल. कर अधिकाऱ्यांनी ही रक्कम करगणनेत घ्यावी. एमएसएमई फॉर्म १ मध्ये (ऑक्टोबर ते मार्च, अंतिम तारीख ३० एप्रिल) ही बिले दाखवली होती का, हे कंपनी सचिव १० जूनपर्यंत कळवतील. पुरवठादार सूक्ष्म-लघु आहे की मध्यम, हे उद्यम प्रमाणपत्रावरून ठरवा, ओळखीवरून नको.

४: कंपन्यांच्या लेखा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येऊ नये, हा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. वैधानिक लेखापरीक्षकांना त्यावर अहवालात लिहावेच लागते. मुख्य सॉफ्टवेअरमध्ये ही सोय सुरू आहे. वाडीच्या जुन्या बिलिंगमध्ये ती नाहीच, बिल पुसले तर माग उरत नाही. आयटी व्यवस्थापकांनी ३० सप्टेंबर मागितली होती. सप्टेंबरमध्ये पोळा, मारबत आणि गणपती लागोपाठ येतात, गोदामात निम्मी माणसे नसतात आणि ऐन त्या वेळी नवीन बिलिंग बसवायचे म्हणजे ऑक्टोबर उजाडेल. म्हणून ३१ ऑगस्ट. तोपर्यंत रोज संध्याकाळी दिवसभराच्या बिलांची क्रमवार पीडीएफ मुख्य कार्यालयात पाठवायची. क्रमांकात खंड दिसला तर त्याच दिवशी विचारणा.

५: गोदाम व्यवस्थापकांच्या मते फरक फिटिंग्जच्या चुकीच्या कोडमुळे आहे. तसे असेल तर एका कोडची तूट दुसऱ्या कोडच्या वाढीशी जुळायला हवी. जुळवणी आणा, मग पाहू.

६: कर ₹२.३६ लाख, पाच बिले. मेच्या जीएसटीआर-३बी मध्ये व्याजासह परत करायचे आहे. ते विवरणपत्र २० जूनला आहे म्हणून मुदतही तीच. पुरवठादाराला पैसे दिल्यावर क्रेडिट पुन्हा घेता येते, म्हणून मध्यम.

७: सोडून गेलेल्या ६ कर्मचाऱ्यांचे लॉगिन २७ मे रोजी बंद झाले, स्क्रीनशॉट मिळाले. यामुळे श्रेणी उच्चवरून मध्यमवर आणली. ओळ मात्र उघडी आहे, कारण सातवा माणूस जूनमध्ये जाणार आहे आणि त्याचे लॉगिन कोण बंद करणार हे अजून कुठेच लिहिलेले नाही.

८: अहवालात हे "सुधारणा आवश्यक" होते. नागपूरचे तापमान आणि गोदामातले प्लास्टिक पाहता मला ते पटले नाही. सर्वांत जवळची मुदत याच ओळीची आहे. अग्निशामके भरायला एकदम सगळी नेऊ नका, निम्मी निम्मी न्या.

९: कंत्राटदाराने पीएफ भरला नाही तर वसुली शेवटी आपल्याकडेच येऊ शकते. चलनावर आपल्याकडे काम करणाऱ्यांचीच नावे आहेत का हेही पाहायचे. नुसते चलन जोडून भागत नाही.

११: अहवालात ₹१०,००० वरील सहा रोख देयके आहेत. त्यांतली चार ट्रकमालकांना दिलेले भाडे आहे, ₹१२,००० ते ₹२८,००० दरम्यान. मालवाहतूकदाराला एका दिवसात ₹३५,००० पर्यंत रोख चालते. खरा मुद्दा उरलेल्या दोन देयकांचा. लेखापरीक्षकांना हे कळवले आहे, त्यांनी मान्य केले आहे.

नोंदी कशा बदलतील

मुदत वाढवायची असेल तर ती संपण्याआधी, कारणासह ईमेल करा. उच्च ओळीला वित्त प्रमुखांची मंजुरी लागेल. नवी तारीख F रकान्यात जाईल, मूळ तारीख E मध्ये तशीच राहील, आणि उशिराचे दिवस मूळ तारखेपासूनच मोजले जातील. G रकान्यात स्थिती आहे. उशिराचे दिवस या सूत्राने निघतील:

```
=IF(G5="बंद","",MAX(0,TODAY()-E5))
```

"बंद" हा शब्द फक्त मी घालणार, पुरावा पाहिल्यावर. "केले आहे" असा निरोप पुरावा नाही. सहीचा आदेश, सिस्टीमचा स्क्रीनशॉट, चलन, जुळवणीपत्रक चालेल. पुरावे ओळीच्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये टाकावेत.

आढावा दर दुसऱ्या सोमवारी सकाळी ११ वाजता, वर्धा रोड कार्यालयात. पहिला १५ जूनला. त्या दिवशी १-आ, २-अ, ३-अ आणि ८ या चारच ओळी घेऊ. बुटीबोरीहून येणाऱ्यांनी व्हिडिओवर जोडले तरी चालेल, भांडारप्रमुखांनी मात्र गेटपासाची फाइल घेऊन स्वतः यावे.